डंबेल, कॉफी आणि उंची: मुलांची वाढ नेमकी कशाने थांबते?

*प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, आठवीत आहे. उंची १४७ सेंमी, वजन ३८ किलो. वर्गात सगळ्यात बुटक्यांपैकी एक. तीन महिन्यांपासून सोसायटीच्या जिममध्ये डंबेल मारतो आणि रात्री अभ्यासाला बसताना कॉफी घेतो. सासूबाई म्हणतात, दोन्हींनी उंची खुंटते, आत्ताच बंद कर. हे म्हणतात, काही होत नाही. ह्यांची उंची १७०, माझी १५५. जिम बंद करू का?*

ताई, जिम बंद करू नका. कॉफीची वेळ मात्र बदला, पण ती झोपेसाठी. उंचीशी तिचा संबंध नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि वीसेक वर्षं मुलांच्या वाढीचंच काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक आजीच्या तोंडून येतो आणि मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल.

आधी उंची वाढते कुठे ते बघू. मांडीचं हाड, नडगी, दंड, मनगटाजवळची हाडं, या सगळ्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला आम्ही ग्रोथ प्लेट म्हणतो. त्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. एका बाजूला नव्या पेशी तयार होतात, दुसऱ्या बाजूच्या फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड बनतं. त्यामुळे हाड टोकाकडून लांबत जातं. एक दिवस नव्या पेशी होणं थांबतं, कूर्चेचं पूर्ण हाड होतं आणि प्लेट मिटते. त्यानंतर पावडर, व्यायाम, नवस, कशानेही ते हाड लांबत नाही.

ही प्लेट मिटवतं कोण? इस्ट्रोजेन. मुलींमध्येही आणि मुलांमध्येही. आधी असं धरून चालत की मुलांमध्ये हे काम टेस्टोस्टेरॉन करतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका माणसाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. वय २८, उंची २०४ सेंमी आणि तरीही वाढतच होता. एक्स-रेत त्याची हाडं १५ वर्षांच्या मुलाइतकीच पिकलेली दिसली, म्हणजे हाडांचं वय १५. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण इस्ट्रोजेनचा संदेश घेणारी पेशींमधली यंत्रणाच जन्मतः बिघडलेली होती. त्यामुळे त्याच्या प्लेट्स मिटल्याच नव्हत्या. मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तोच शेवटी वाढीला कुलूप लावतो, हे तेव्हा पक्कं झालं.

हे एवढं समजलं की उंचीबद्दलचा कुठलाही समज तपासता येतो. वाढ खुंटायची तर मुख्य वाटा तीनच आहेत. प्लेटला रसद कमी पडली पाहिजे, म्हणजे अन्न, थायरॉइड किंवा ग्रोथ हार्मोन कमी पडलं पाहिजे किंवा एखादा लांबलेला आजार पाहिजे. नाहीतर हार्मोन लवकर चढून प्लेट वेळेआधी मिटली पाहिजे. नाहीतर ती मोडली पाहिजे. कुणी म्हणालं की अमुक गोष्टीने उंची थांबते, तर विचारायचं: यातल्या कुठल्या वाटेने?

आता डंबेल. रसद तो तोडत नाही. उलट व्यायाम करणाऱ्या पोराला दोन पोळ्या जास्त लागतात. व्यायामाने प्लेट मिटवण्याइतके हार्मोनही चढत नाहीत. उरली तिसरी वाट, मोडण्याची, आणि भीती आली ती तिथूनच. १९७०-८० च्या सुमारास अमेरिकेतून काही मुलांच्या नोंदी छापून आल्या. वजन डोक्यावर उचलताना तोल जाऊन मनगटाजवळची ग्रोथ प्लेट मोडली होती. मुलं बहुतेक घरीच, कुणी शिकवणारं नसताना, झेपेल त्यापेक्षा जास्त वजन उचलत होती. त्या मोजक्या अपघातांवरून नियम बनला, ‘मुलांनी वजन उचलायचं नाही’. नंतर जेव्हा मुलांना नीट शिकवून, देखरेखीखाली व्यायाम देऊन त्यांची उंची मोजली गेली, तेव्हा फरक सापडला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनातही हेच सांगितलं आहे: नीट आखलेल्या वजनाच्या व्यायामाने मुलांच्या उंचीवर वाईट परिणाम होत नाही.

शिवाय प्लेट मोडली तरी परिणाम त्या एका हाडापुरता असतो. मनगटाची प्लेट दुखावली तर बिघडला तर हात बिघडेल, पायांची वाढ कशी थांबेल? आणि मुलांची हाडं मोडतात ती बहुतेक सायकलवरून पडून, खेळताना आदळून. त्यातही गुडघ्याच्या वरची, मांडीच्या हाडाची प्लेट मोडली तर मला जास्त काळजी वाटते, कारण पायाची बरीचशी लांबी तिथून येते. ती घरातल्या डंबेलने मोडत नाही, जोराच्या अपघातात मोडते.

गंमत अशी, की याच सासूबाई (तुमच्या नव्हे, एकूणच) नातवाने तालमीत जोर-बैठका काढल्या तर कौतुकाने दूध पुढे करतात. जोर मारताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. ३८ किलोच्या मुलाचे जवळपास २५ किलो झाले. मल्लखांबावर तर कधी कधी सगळं अंग एका हातावर तोललेलं असतं. खो-खोत उडी मारून खाली येताना पायांवर वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. ते सगळं चालतं, आणि चार किलोचा डंबेल हातात दिसला की उंची थांबते! ग्रोथ प्लेटला वजन लोखंडाचं आहे की स्वतःच्या अंगाचं, हे कळत नाही.

“पण वेटलिफ्टर बुटके असतात ना?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. असतात, बरेचसे. आखूड हातापायांना बार कमी उंच न्यावा लागतो, म्हणून बुटक्या माणसाला तो खेळ सोयीचा पडतो आणि तो त्यात टिकतो. जिम्नॅस्टचंही तसंच. बास्केटबॉल खेळून कुणी उंच होत नाही, उंच असतात म्हणून संघात घेतात. जिम्नॅस्टिक्सबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. रोज कित्येक तास सराव करणाऱ्या मुलींची, आणि त्यात वजन वाढू नये म्हणून त्यांचं खाणं तोडलेलं असेल तर, वाढ आणि पाळी दोन्ही लांबू शकतात. तिथे पहिली वाट उघडते, उपासमारीची. दोष खेळाचा कमी, रिकाम्या ताटाचा जास्त.

तुमच्या मुलासाठी व्यवहार असा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवात वजनाशिवाय: बैठका, जोर, रबरी पट्टा. चाल बरोबर जमली की असं वजन घ्यायचं जे तो १० ते १५ वेळा व्यवस्थित उचलू शकेल आणि शेवटच्या वेळीही पाठ वाकणार नाही, झटका द्यावा लागणार नाही. एका व्यायामाचे एक-दोन सेट पुरेत. १५ वेळा आरामात जमू लागलं की वजन थोडंसं वाढवायचं, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. चार किलोवरून थेट साडेसातवर उडी नको. आणि ‘बघू तरी एकदा जास्तीत जास्त किती उचलता येतं’ हा खेळ एवढ्यात नको. प्लेट मोडल्याच्या त्या जुन्या नोंदी नेमक्या याच खेळातल्या होत्या. या वयात दंड फुगणार नाहीत, हेही त्याला आधीच सांगा. वयात येण्याआधी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. आरशात काही दिसत नाही म्हणून पोरं वजन वाढवत सुटतात आणि घोळ तिथे होतो.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. दुसऱ्या दिवशी स्नायूच्या मधल्या भागात, दोन्ही बाजूंना, बोथट ठणका असेल तर ते व्यायामाचं दुखणं. दोन दिवसांत जातं. पण मनगटाच्या किंवा गुडघ्याच्या अगदी जवळ, हाडाच्या टोकावर बोटाने दाबल्यावर एका जागी दुखत असेल, सूज असेल, पंजा मागे वाकवताना कळ येत असेल आणि आठवडाभर विश्रांती घेऊनही जात नसेल, तर ते प्लेटचं असू शकतं. पडल्यावर किंवा झटक्यानंतर लगेच असं झालं तर आठवडाही थांबू नका. लहान मुलात ‘मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये, कारण त्यांच्या सांध्याभोवतीचे अस्थिबंध बऱ्याचदा प्लेटपेक्षा मजबूत असतात. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध ताणला जातो तिथे मुलाची प्लेट सरकते. एक्स-रे काढा. वेळेत प्लास्टर घातलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

जिममधली एक गोष्ट मात्र खरोखर उंची चोरते, आणि तिच्याबद्दल कुठली आजी बोलत नाही. अॅनाबॉलिक स्टेरॉइड. गोळी किंवा इंजेक्शन. ‘कोर्स कर, दोन महिन्यांत बॉडी दिसेल’ असं सांगून ती सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दिली जातात. ही औषधं टेस्टोस्टेरॉन किंवा त्याची भावंडं. वर सांगितल्याप्रमाणे त्यांच्यातली बरीचशी शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतात आणि जी प्लेट अजून दोन-तीन वर्षं उघडी राहिली असती ती मिटू लागते. दुसरी वाट ती हीच. सुरुवातीला पोरगा भराभर वाढल्यासारखा दिसतो, म्हणून घरचेही खूश असतात. नंतर वाढ एकदम थांबते आणि ती परत आणता येत नाही. मुलाच्या बॅगेत नाव नसलेली बाटली सापडली, अचानक चेहऱ्यावर-पाठीवर पुटकुळ्यांचं पीक आलं, छातीत गाठ दुखू लागली, तर रागावण्याआधी माझ्यासारख्या कुणाकडे घेऊन या.

आता कॉफी. अमेरिकेत १८९५ मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट या उद्योजकाने गव्हापासून केलेलं ‘पोस्टम’ नावाचं कॉफीला पर्यायी पेय विकायला काढलं. आणि ते खपावं म्हणून जाहिरातींतून कॉफीला भरपूर बदनाम केलं, मुलांच्या वाढीचा धाकही घातला. पुढे या समजाला एक शास्त्रीय वाटणारं कारण मिळालं. कॅफिनमुळे लघवीतून थोडं कॅल्शियम जातं, म्हणजे हाडं कमकुवत, म्हणजे उंची कमी. पहिली गोष्ट खरी आहे, पण प्रमाण इतकं किरकोळ की कपात घातलेल्या एक-दोन चमचे दुधानेच भरपाई होते. आपल्याकडे तर अर्ध्या पाण्याची नि अर्ध्या दुधाची कॉफी असते. अमेरिकेत ८१ मुलींना वयाच्या १२ ते १८ वर्षांपर्यंत पाहिलं गेलं. जास्त कॅफिन घेणाऱ्यांची हाडं कमी भरली असं आढळलं नाही. आणि हाडाची घनता नि हाडाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या सगळ्या तर्कात कुणी लक्षातच घेतलं नव्हतं.

तरीही रात्रीचा कप मी बंद करायला सांगेन. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. नऊ वाजता घेतलेली कॉफी मध्यरात्रीनंतरही अंगात असते. सातची शाळा असलेल्या मुलाची झोप त्यात जाते, आणि मग सकाळी डोळे उघडायला पुन्हा चहा लागतो. घ्यायचीच तर दुपारी चारपर्यंत. प्रमाण बघायचं तर युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालेल असं म्हटलंय. तुमच्या ३८ किलोच्या मुलाला ते ११४ मिलिग्रॅम पडतं. चमचाभर इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६०, चहाच्या कपात ३०-४०, आणि एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलीटरच्या छोट्या कॅनमध्ये ७५-८०. कॉफीला बोल लावणारं घर त्या कॅनकडे ‘कोल्ड्रिंक’ म्हणून काणाडोळा करतं, हे मी दर आठवड्याला बघतो.

खरं तर मला कॉफीपेक्षा आपल्या चहा-पोळीची जास्त काळजी वाटते. सकाळी चहा-पोळी किंवा चहा-बिस्कीट, डबा अर्धा परत, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट. यात कॅफिनचा दोष नाही. भूक मरते, दूध-डाळ-अंडं पोटात जात नाही, आणि जेवणासोबत घेतलेला चहा भाजी-भाकरीतलं लोह शोषू देत नाही. पहिली वाट, रसदीची, ती अशी हळूच अरुंद होते. चहा आणि जेवण यात तासाभराचं अंतर ठेवलं तरी पुष्कळ.

बाकीच्या समजुती थोडक्यात. मुलाला ओलांडलं की वाढ थांबते आणि उलट ओलांडलं की शाप उतरतो, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. खाली झोपलेल्या बाळाला कुणी पाय लावू नये म्हणून ती चांगलीच आहे, पण तिचा उपयोग तेवढाच. बारला लोंबकळून उंची वाढत नाही. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सुमारे सेंटिमीटरभर उंच असतो. लोंबकळल्यावर तेच थोडं परत मिळतं आणि तासाभरात जातं. लोंबकळून उंची वाढते आणि डंबेलने खुंटते असं एकाच घरात मानलं जातं, दोन्ही चूक. हस्तमैथुनाने उंची थांबते असं मुलांना वाटतं आणि विचारायची लाज वाटते. थांबत नाही. वडिलांनी एकदा सरळ सांगून टाकावं. पाळी आली की मुलीची उंची थांबते, हे अर्धसत्य आहे. पाळी येईपर्यंत तिची बहुतेक वाढ झालेली असते, आणि नंतर साधारण पाच-सात सेंटिमीटर अजून होते. म्हणून मुलीच्या उंचीची चिंता पाळीनंतर करणं म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनवर पोचणं. आठव्या वर्षाआधीच छाती वाढू लागली तर मात्र तेव्हाच दाखवा.

दम्याच्या पंपाबद्दलचा समज मी खोटा म्हणणार नाही. वर्षानुवर्षं रोज स्टेरॉइडचा पंप घेतलेल्या मुलांची शेवटची उंची सरासरी एक-सव्वा सेंटिमीटरने कमी भरली, हे मोजलेलं आहे. पण दम लागलेलं मूल नीट खात नाही, झोपत नाही, आणि पंप सोडला की तोंडाने गोळ्या घ्यायची वेळ येते. त्या वारंवार घेतल्या तर वाढीला कितीतरी जास्त घातक. पंप बंद करू नका, डॉक्टरांकडून सगळ्यात कमी पुरेसा डोस ठरवून घ्या.

आता तुमच्या मुलाकडे वळतो. आईवडिलांच्या उंचीवरून ढोबळ अंदाज काढायची साधी रीत आहे. दोघांची सरासरी काढायची, मुलगा असेल तर साडेसहा मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे. १७० आणि १५५ ची सरासरी १६२.५, त्यात ६.५ मिळवले की १६९. याच्या अलीकडे-पलीकडे आठेक सेंटिमीटर धरा. आजची १४७ ही नुसती संख्या मला फार काही सांगत नाही. गेल्या वर्षी किती होती, ते सांगतं. पहिल्या वर्षी बाळ २५ सेंमी वाढतं, मग वेग उतरत जातो, आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहावर स्थिरावतो. मुलांची मोठी उसळी बहुतेक साडेतेरा-चौदाला येते. कुणाची आधी, कुणाची सोळाला. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा कदाचित फक्त लवकर सुटलेला असतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता. वय १३ वर्षं ४ महिने, उंची १४६, सहा महिने जिमला जाणारा. आजीने सगळा दोष डंबेलवर टाकला होता. सुदैवाने शाळेच्या आरोग्य तपासणीची कार्डं जपून ठेवलेली होती. सातव्या वर्षापासून दरवर्षी पाचच्या आसपास, एकदाही न चुकता. जिमच्या आधीही तेच, नंतरही तेच. म्हणजे काही थांबलेलंच नव्हतं. तपासल्यावर वयात येण्याची जेमतेम सुरुवात दिसली. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, हाडांचं वय निघालं साडेअकरा. वडिलांना विचारलं, तुमची उंची कधी वाढली? ते हसले आणि म्हणाले, अकरावीत, कॉलेजात कुणी ओळखेना. मुलगा वडिलांच्या वळणावर होता, घड्याळ दोन वर्षं मागे. औषध काही दिलं नाही. जिम चालू ठेवली. पुढच्या वर्षी तो १५१ झाला, त्याच्या पुढच्या वर्षी १५९, आणि सतरा उलटताना १६८.

आणखी एक मुलगी आठवते, दहा वर्षांची. तिच्या घरी दोष कॉफीवर होता. कॉफी बंद करून वर्षभर वाट पाहिली होती. तिची वाढ त्या वर्षात अडीच सेंटिमीटर झाली होती, कपडे वर्षभर तेच बसत होते, बद्धकोष्ठ, सतत थंडी, वजन मात्र वाढतंय. रक्त तपासलं, थायरॉइड फार कमी. गोळी सुरू केल्यावर ती छान वाढू लागली, पण हातचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून आजपासून एवढं करा. मुलाला अनवाणी, भिंतीला टाचा, ढुंगण आणि पाठ टेकवून उभं करा, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात भिंतीला टेकवून धरा, खाली पेन्सिलची खूण करा आणि टेपने मोजा. तीनदा मोजून मधला आकडा वहीत तारखेसह लिहा. पुढची नोंद सहा महिन्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी. दर महिन्याला मोजू नका, महिन्याची वाढ मोजण्याच्या चुकीएवढीच असते आणि घरात उगाच रडारड होते. शाळेची जुनी कार्डं, लसीकरणाची फाईल, दाराच्या चौकटीवरच्या खुणा, जे सापडेल ते त्याच वहीत उतरवा. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, किंवा तो चौदाचा झाला तरी वयात येण्याचं एकही लक्षण दिसलं नाही, तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर ते आकडे मांडतील, आणि पुढच्या तपासण्या लागतात की नाही हे त्या रेषेवरून ठरेल.